दोह्यातले सव्वा तास : इहराम, सुरक्षा तपासणी आणि पुढचे विमान

मुंबईहून उमऱ्याला जाणाऱ्या अनेक कुटुंबांचे तिकीट आता दोहामार्गे असते. मुंबई ते दोहा एक विमान, दोहा ते जेद्दा दुसरे. भाडे थोडे कमी पडते, म्हणून मधला थांबा सव्वा तासाचा असला तरी लोक तिकीट काढून मोकळे होतात. सव्वा तास ऐकायला पुरेसा वाटतो. पण दोह्याच्या हमद विमानतळावर विमान बदलणाऱ्यांची सुरक्षा तपासणी नव्याने होते, हे पुष्कळांना तिथे रांग दिसल्यावरच कळते. या वेळच्या सदरात आम्ही याच सव्वा तासाबद्दल लिहीत आहोत.

मुंबईत तपासणी झालेली असताना पुन्हा कशाला, असे कोणीही विचारील. पहिल्या विमानतळावरची तपासणी आपल्या तोडीची आहे असे मानणारा करार दोन देशांत असेल, तरच दुसरीकडे ती टळते. युरोपीय संघातल्या देशांत आपसात तशी सोय आहे. मुंबई-दोहा प्रवासात ती धरून चालू नये. तपासणी होणारच, असे समजूनच तयारी करावी.

आधी मिनिटांचा हिशेब करू. समजा, मुंबईचे विमान दोह्याला सकाळी 11.20 ला उतरते आणि जेद्द्याचे विमान 12.35 ला सुटते. विमान जागेवर लागून दार उघडेपर्यंत 11.30 होतात. तुमची जागा मागच्या रांगांत असेल, तर बाहेर पडेपर्यंत 11.45. विमान दूर उभे राहून बसने आणले, तर आणखी दहा मिनिटे. दुसऱ्या टोकाला 12.35 ही विमान हलण्याची वेळ आहे. गेट त्याच्या साधारण वीस मिनिटे आधी, म्हणजे 12.15 ला बंद होते. म्हणजे सव्वा तासातला आपल्या हातातला वेळ फार तर अर्धा तास. त्यातच तपासणी आणि त्यातच गेटपर्यंतची चाल. म्हणून घाई करायची ती दोह्यात धावून नव्हे, तर दोह्याला पोचण्याआधी सगळे उरकून ठेवून.

यात सर्वांत मोठा प्रश्न इहरामचा. दोह्याहून जेद्द्याला जाताना विमान तायफजवळच्या कर्न अल-मनाज़िल या मीकातच्या भागावरून जाते. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी ती जागा येते. इहरामशिवाय मीकात ओलांडली, तर मागे मीकातवर जावे लागते किंवा दम द्यावा लागतो. त्यामुळे दोह्यात उतरून, अंघोळ करून, चादरी नेसू असा बेत पुष्कळजण करतात. चार-पाच तासांचा थांबा असेल तर तो बेत ठीक आहे. अर्ध्या तासात तो बसत नाही. एक पुरुष प्रसाधनगृहात कपडे बदलतो, बाकीचे कुटुंब सामान राखत बाहेर उभे राहते आणि त्यातच पंधरा-वीस मिनिटे जातात.

यावर उपाय सोपा आहे. गुस्ल घरीच करावा आणि चादरी घरी किंवा मुंबईच्या विमानतळावर नेसाव्यात. चादरी नेसल्या म्हणजे इहराम सुरू झाला असे नाही. बंधने लागू होतात ती नियत करून तलबिया म्हटल्यापासून. नियत मात्र दोहा ते जेद्दा या दुसऱ्या विमानात बसल्यावर, विमान उडाल्यावर करावी. मीकातवरच नियत करू म्हणून थांबले आणि झोप लागली, तर जागा निघून जाते. म्हणून थोडी आधीच केलेली बरी.

नियत मुंबईतच का करू नये? केली तर ती दुरुस्त आहे. पण दुसरे विमान चुकले आणि पुढची जागा दुसऱ्या दिवशीची मिळाली, तर तोपर्यंतचा सारा वेळ इहरामच्या बंधनांत काढावा लागतो. सुगंधी साबण नाही, पुरुषांना शिवलेला कपडा नाही, डोके झाकणे नाही. नियत केली नसेल, तर हॉटेलात नेहमीचे कपडे घालून झोपता येते. छोट्या थांब्याच्या प्रवासात हा फरक मोठा आहे. उलट मुंबईहून थेट जेद्द्याला जाणाऱ्यांना ही अडचणच नाही.

आता चादरीत तपासणीतून जाणे. इथे अडवतो तो कमरपट्टा. बाजारात मिळणाऱ्या इहरामच्या पट्ट्याला धातूची बटणे आणि बक्कल असते, खिशात नाणी, किल्ली आणि मोबाईल असतो. धातुशोधक दारातून जाताना तो वाजतो आणि कर्मचारी पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. ज्यांनी खालची चादर केवळ पट्ट्याच्या आधारावर ठेवलेली असते, त्यांची तिथे फार पंचाईत होते. एका हाताने चादर धरून ते दुसऱ्या हाताने सामान उचलू पाहतात आणि मागची रांग खोळंबते. म्हणून खालची चादर आधी नीट आवळून, कडा दुमडून आत खोचून घट्ट नेसावी. पट्टा तिच्यावर फक्त पैसे ठेवण्यापुरता असावा. पट्टा काढून घरात चार पावले चालून पाहावे. चादर जागची हलली नाही, तर नेसणे बरोबर आहे.

पासपोर्ट आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास हातात ठेवून पट्ट्यातले बाकी सारे दोह्याला विमान उतरण्याआधीच हातबॅगेत टाकावे. रांगेत उभे राहून खिसे रिकामे करणारा माणूस स्वतःचाही वेळ घालवतो आणि मागच्यांचाही.

बॅगेत काय असावे, तेही घरीच ठरते. द्रवपदार्थाची प्रत्येक बाटली 100 मिलिलिटरच्या आतली हवी आणि अशा साऱ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत, बॅगेत अगदी वर. बाटली 200 मिलिलिटरची असून आत थोडेच तेल उरले असले, तरी ती चालत नाही, कारण तपासणारे बाटलीचे माप पाहतात. लोणचे, चटणी, मध, तूप हेही द्रवातच धरले जाते. ते चेक-इन सामानात टाकावे. पहिल्या विमानात मिळालेली पाण्याची बाटली उतरण्याआधी संपवावी. मुंबईच्या ड्यूटी-फ्री दुकानातून अत्तर घेतले असेल, तर दुकानदाराने मोहोर लावलेली पिशवी जेद्द्यापर्यंत फोडू नये आणि पावती आतच असावी. पिशवी फोडली की दोह्यात ते काढून घेतले जाऊ शकते. पॉवर बँक मात्र हातबॅगेतच हवी, चेक-इन सामानात ती चालत नाही. परतीच्या वाटेवर ज़मज़मलाही हाच नियम लागतो. हातबॅगेतली ज़मज़मची बाटली दोह्याची तपासणी पार करणार नाही. जेद्दा विमानतळावर मिळणारा पाच लिटरचा सीलबंद खोकाच चेक-इनला द्यावा.

तान्ह्या मुलाचे दूध आणि वडीलधाऱ्यांची पातळ औषधे या मापाच्या बाहेर चालतात, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. इन्सुलिन असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

बहिणींसाठी दोन गोष्टी. स्कार्फला पाच-सहा टाचण्या लावण्याऐवजी खेचून घालायचा शिवलेला हिजाब त्या दिवशी सोयीचा पडतो. अंगाची तपासणी करायची झाली, तर ती महिला कर्मचाऱ्याकडून आणि आडोशाला व्हावी, असे निःसंकोच सांगावे. तशी व्यवस्था असते. ते आधीच सांगितले, तर वेळही जात नाही.

विमानातून बाहेर पडल्यावर पाटीवर दोन दिशा दिसतात. एक दोहा शहरात जाणाऱ्यांची, ‘अरायव्हल्स’. दुसरी विमान बदलणाऱ्यांची, ‘ट्रान्सफर्स’. गर्दीच्या मागे न जाता दुसरीच धरावी. तपासणीच्या रांगेत वेळ फार कमी उरला असे दिसले, तर गप्प उभे न राहता जवळच्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पासवरची वेळ दाखवावी. घाईच्या प्रवाशांना पुढे घेतात, पण विचारल्यावर. लॅपटॉप बाहेर काढायचा की आत ठेवायचा, हे रांगेवरची पाटी किंवा कर्मचारी सांगतात; मुंबईत काय केले होते, त्यावर जाऊ नये.

तपासणी संपली की आधी पडद्यावर गेटचा क्रमांक पाहावा. मुंबईत छापलेला गेट बदललेला असू शकतो. मगच पाय उचलावेत. मधल्या दालनातला दिव्याखाली बसलेला पिवळा अस्वलाचा पुतळा पाहून मुले थांबतात, फोटो काढायला मोठेही थांबतात. सव्वा तासाच्या थांब्यात तो परतीसाठी राखून ठेवावा. गेट दूर असेल, तर इमारतीच्या आतच धावणारी छोटी रेल्वे आहे. चालायला त्रास होणाऱ्या अम्मी-अब्बांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी. दोह्यात उतरून मागितली, तर वाट पाहण्यातच गेट बंद होईल.

आमच्या उदाहरणात जुहरची वेळ याच अर्ध्या तासात येते. वुजू पहिल्या विमानात उतरण्याआधी करून ठेवावा. नमाजची जागा तपासणीआधी शोधत बसू नये. गेटवर पोचून दहा मिनिटे उरली, तर कसरच्या दोन रकात सहज होतात. वेळ उरला नाही तर काय, विमानात पढायची की असरबरोबर जमा करायची, याचे उत्तर शाफई आणि हनफी घरांत वेगळे येते. कोकणातल्या आणि देशावरच्या कुटुंबांनी ते आपापल्या आलिमांना घरूनच विचारून निघावे.

शेवटचे तिकिटाबद्दल. दोन्ही विमाने एकाच बुकिंगवर असतील, तरच सव्वा तासाचा थांबा घ्यावा. मग सामान थेट जेद्द्याला जाते; मुंबईत मिळालेल्या सामानाच्या चिठ्ठीवर जे-ई-डी ही जेद्द्याची तीन अक्षरे आहेत ना, ते तिथेच पाहावे. पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात जागा देणे हे विमान कंपनीचे काम असते. त्यासाठी ट्रान्सफरच्या काउंटरवर जावे. दोन वेगळी तिकिटे काढून चार पैसे वाचवले असतील, तर दोह्यात इमिग्रेशन, सामान घेणे आणि नवे चेक-इन असे सारे करावे लागते. तिथे सव्वा तास कधीच पुरत नाही आणि चुकलेले तिकीट आपल्याच माथी बसते. तेवढ्या पैशात तीन तासांच्या थांब्याचे एक तिकीट सहसा मिळून जाते. एजंटला हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत : बुकिंग एकच आहे का, आणि थांबा किती मिनिटांचा?

दुसरे विमान उडाले, नियत झाली, की लब्बैक म्हणताना या सदराच्या वाचकांनाही दुआत आठवा.