बोर्डाचा फोटो सरळ करायचाय? आधी टेप लावा

मंडळी, गाळ्यांच्या लिलावाची नोटीस कुठे लागते ते तुम्हाला माहीत आहेच. अरुंद व्हरांडा, भिंतीवर काचेची पेटी, आणि समोर बाकडं नाहीतर कपाट. बोर्डासमोर उभं राहायला जागाच नसते. मग आपण बाजूने तिरका फोटो काढतो आणि पार्टनरला पाठवतो. त्याला अनामत रक्कम वाचता येते, पण अंतिम तारीख वाचता येत नाही, कारण ती नेमकी लांबच्या कडेला असते.

असा फोटो ओपनसीव्ही वापरून सरळ करण्याचे व्हिडिओ इंटरनेटवर भरपूर आहेत. चार कोपरे द्या, चौकोन घ्या, झालं. पद्धत बरोबर आहे, पण त्यात सर्रास शिकवली जाणारी एक पायरी बोर्डासाठी चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या फोटोची रुंदी-उंची किती ठेवायची, हे त्या पायरीत फोटोवरूनच ठरवतात. वरची आणि खालची कड मोजून मोठी असेल ती रुंदी, डावी आणि उजवी मोजून मोठी असेल ती उंची. समोरून काढलेल्या कागदाला हे चालतं. तिरक्या बोर्डाला नाही चालत.

हिशेब करून बघू. बोर्ड ४ फूट रुंद, ३ फूट उंच. तुम्ही डाव्या बाजूला सव्वा मीटरवर उभे आहात आणि बोर्ड साधारण ४० अंशात तिरका दिसतोय. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोत डावी कड २११९ पिक्सेल भरते, उजवी १३०६. वरची आणि खालची कड दोन्ही १७१८ च्या आसपास. म्हणजे त्या पद्धतीने निघालेला फोटो १७१८ रुंद आणि २११९ उंच. आडवा बोर्ड चक्क उभा झाला! अक्षरं शेवग्याच्या शेंगेसारखी लांबुडकी. आणि प्रोग्रॅम काही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चारही कोपरे जागेवर बसलेले असतात.

कारण साधं आहे. तिरक्या नजरेने बघितलं की बोर्डाची रुंदी दबते, जवळच्या कडेची उंची मात्र दबत नाही. ही दबलेली रुंदी चार कोपऱ्यांच्या आकड्यांवरून थेट कळत नाही. गणिताने ती काढता येते. झेंगयू झांग आणि ली-वेई ही या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी व्हाइटबोर्डसाठी ती रीत मांडलेली आहे. पण तिच्यात फोटोचा मध्यबिंदू हाच लेन्सचा मध्य धरलेला असतो. फोटो क्रॉप केला की ते गृहीतकच मोडतं. आपल्याकडे दुकानात दीडशे रुपयांची टेप पडलेली असताना एवढं कशाला? बोर्ड मोजा, तेच प्रमाण द्या.

```python
import cv2
import numpy as np

img = cv2.imread("board.jpg")
src = np.float32([[1104, 438], [2772, 846],
                  [2768, 2152], [1098, 2557]])
w, h = 1600, 1200
dst = np.float32([[0, 0], [w-1, 0],
                  [w-1, h-1], [0, h-1]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
out = cv2.warpPerspective(img, M, (w, h),
                          flags=cv2.INTER_CUBIC)
cv2.imwrite("board_sidha.jpg", out)
```

`src` मधले आकडे म्हणजे फोटोतले चार कोपरे: वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा, खालचा डावा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. क्रम उलटा झाला तर नोटीस आरशात बघितल्यासारखी येते, ते लगेच कळतं. आकडे शोधायला फोटो पेंटमध्ये उघडा, कोपऱ्यावर माऊस न्या, खालच्या पट्टीत पिक्सेलची जागा दिसते. १६०० बाय १२०० हे ४ बाय ३ फुटांचं प्रमाण, बाकी काही नाही.

कोपरे प्रोग्रॅमलाच शोधू द्यावेत का? व्हाइटबोर्डसाठी चालेल. नोटीस बोर्डावर माझा त्याला विरोध आहे. सगळ्यात मोठा चौकोन शोधा असं सांगितलं, तर काचेत पडलेलं समोरच्या खिडकीचं प्रतिबिंबही चौकोन असतं आणि भिंतीची टाइलही. महिन्याला पाच-दहा फोटोंसाठी हाताने चार आकडे लिहायला किती वेळ लागतो?

कोपरे मात्र नीट निवडा. लाकडी चौकटीची बाहेरची कड भिंतीपासून इंचभर पुढे असते आणि कागद मागे पाटावर. दोन्ही एका पातळीत नाहीत. म्हणून चौकटीच्या आत, जिथे पाट दिसायला लागतो तिथले कोपरे घ्या आणि टेपनेही तेवढाच भाग मोजा. तिरक्या फोटोत आतला एखादा कोपरा चौकटीआड लपत असेल तर थोडं सरकून दुसरा फोटो काढा. आणि फोनची ती ०.५ वाली रुंद लेन्स वापरू नका. तिच्यात सरळ कड वाकते, आणि चार कोपऱ्यांनी वाकलेली रेघ सरळ होत नाही.

आता कुणी म्हणेल, बोर्ड दूर आहे, फोटो दुसऱ्याने पाठवलाय, टेप कशी लावू? बोर्डावर एखादा ए-फोर कागद असतोच. तो २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे उंची रुंदीच्या १.४१ पट. वरच्या त्या लांबुडक्या १७१८ बाय २११९ फोटोत हा उभा कागद २९६ रुंद आणि ६८८ उंच येतो, म्हणजे २.३२ पट. २.३२ ला १.४१४ ने भागलं की १.६४. तेवढ्याने रुंदी वाढवा: १७१८ ची साधारण २८२४. भागून बघा, २८२४ आणि २११९ चं प्रमाण बरोबर ४ ला ३ येतं. मात्र त्या कागदाचेच चार कोपरे `src` मध्ये देऊन अख्खा बोर्ड सरळ करायला जाऊ नका. छोट्या कागदावरची एका पिक्सेलची चूक बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बरीच वाढते.

प्रमाण बरोबर आलं तरी अंतिम तारीख वाचता येईलच असं नाही, हेही ऐका. आपल्या या फोटोत डाव्या कडेला बोर्डाच्या एका इंचाला आडवे सुमारे ५७ पिक्सेल मिळालेत, उजव्या कडेला फक्त २१. टाइप केलेलं दोन मिलिमीटर रुंदीचं अक्षर तिथे दीड-दोन पिक्सेलात कोंबलेलं आहे. ओपनसीव्ही ते ताणतं, पण फोटोत नसलेलं आणणार कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो आणखी लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

यावर उपाय आहे, आणि इथे टेपचा दुसरा फायदा होतो. एक फोटो डावीकडून काढा, एक उजवीकडून. दोन्हींचे कोपरे वेगळे, पण `w, h` तेच १६०० आणि १२००. दोन्ही सरळ केल्यावर बोर्डावरची प्रत्येक जागा दोन्ही फोटोंत त्याच पिक्सेलवर येते. मग प्रत्येकाचा चांगला अर्धा भाग घ्यायचा:

```python
full = np.hstack([left[:, :800], right[:, 800:]])
```

इथे `left` म्हणजे डावीकडून काढलेला, `right` म्हणजे उजवीकडून. मधल्या जोडावर एखादी ओळ वरखाली सरकलेली दिसली तर आधी कोपरे मोठे करून पुन्हा बघा, दोन-तीन पिक्सेलांचा फरक तिथेच असतो. कोपरे ठीक असूनही एकाच कागदावर फरक दिसत असेल तर तो कागद फुगलाय. कोकणात पावसाळ्यात एकाच टाचणीवर लटकलेला कागद गुंडाळतोच, आणि सपाट नसलेल्या कागदाला ही पद्धत लागू पडत नाही. त्या एका कागदासाठी जोडाची जागा ८०० वरून थोडी बाजूला घ्या, म्हणजे तो पूर्ण एकाच फोटोतून येईल.