सकीफातली घाई आणि आपली घाई

मोहरम आला की जालना एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते. परवा रोलिंग मिलची पाळी सुटल्यावर पुन्हा ऐकले: "शिया-सुन्नी पहिल्या दिवसापासूनच दोन धर्म, भाऊ." बोलणारा माझ्यासारखाच सुन्नी. हे साफ चूक आहे.

पहिल्या दिवशी काय घडले? इ.स. 632. मदिनेत प्रेषितांचे (स.) निधन झाले होते. हजरत अली (रजि.) घरच्यांसह अंत्यविधीच्या तयारीत होते. तिकडे बनू साइदा कुळाच्या सकीफात, म्हणजे छपराखालच्या बैठकीत, मदिनेचे अन्सार सअद बिन उबादा यांना नेता करायला जमले. कळताच हजरत अबू बकर, हजरत उमर आणि अबू उबैदा (रजि.) तिथे पोहोचले. अन्सारांपैकी काही म्हणाले, एक अमीर आमचा, एक तुमचा. अबू बकर म्हणाले, कुरैशांखेरीज कुणाचे नेतृत्व अरब टोळ्या मानणार नाहीत. गोंधळ वाढला तसा उमर यांनी अबू बकर यांचा हात धरून बैअत केली. म्हणजे त्या छपराखालचे भांडण शिया-सुन्नींचे नव्हतेच. ते मदिनेच्या अन्सारांचे आणि मक्केहून आलेल्या मुहाजिरांचे होते.

पण अली तिथे नव्हते, ही शियांची तक्रार हवेतली नाही. आपण ज्याला सर्वांत प्रमाण मानतो त्या बुखारीतच आहे की ती बैअत अचानक, घाईत झाली हे उमर यांनी पुढे स्वतः बोलून दाखवले, आणि अलींनी बैअत केली ती फातिमा (रजि.) गेल्यावर, सुमारे सहा महिन्यांनी. घदीर-ए-खुमला प्रेषितांनी अलींना 'मौला' म्हटल्याचे आपलेही ग्रंथ सांगतात. वाद आहे तो अर्थाचा: शिया म्हणतात उत्तराधिकारी, आपण म्हणतो जिवलग.

खरी अडचण ही की नेता निवडायची ठरलेली रीतच नव्हती. अबू बकर बैठकीत ठरले, उमर यांना अबू बकर यांनीच नेमले, उस्मान सहा जणांच्या समितीतून आले, आणि उस्मान यांच्या हत्येनंतर मदिनेच्या लोकांनी अलींना गाठले. मग मुआविया यांनी मुलगा यजीदला वारस केले. 680 मध्ये करबलात इमाम हुसैन शहीद झाले, आणि नेता कोण या प्रश्नावर रक्त सांडले. एका गटाचा दावा पंथ झाला तो तिथून पुढे. इमामतीचा सिद्धांत नीट मांडला गेला तो इमाम जाफर सादिक यांच्या काळात, आठव्या शतकात.

आपल्याकडे 1537 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला, तेव्हाही नेता कोण हाच प्रश्न खुतब्यातल्या नावांवर आला.

हे सगळे मी टपरीवर सांगितले. मित्र बराच वेळ चहाचा ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, "यंदा सुट्टी मिळाली तर गावी जाईन. सवारी बसते ना, ऊद आम्हीच घालतो."