टक्क्याआधी व्याख्या ठरवा

पुनर्विकासाच्या सभेत रात्री अकरापर्यंत भांडण चालतं ते टक्क्यावरून. वाढीव जागा तीस टक्के की पस्तीस? आकडा एकदा ठरला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि मसुदा वकिलांकडे जातो. माझं मत असं की क्रम उलटा हवा. टक्के नेमके कशाचे, हे कागदावर येईपर्यंत टक्क्याचा विषयच काढू नये.

एक हिशेब करून पाहा. जुन्या घराची आतली जागा 400 चौरस फूट आणि बाल्कनी 50. सोसायटीच्या यादीत लिहिलंय ‘कार्पेट 450’. करार म्हणतो, ‘सध्याच्या कार्पेटवर 30 टक्के वाढ’. सभासद 450 वर टक्के लावतो आणि 585 आतली जागा मिळेल, बाल्कनी वेगळी, असं समजतो. विकासकाच्या नकाशातही 585 आहेत, पण त्यात 60 फुटांची बाल्कनी धरलेली. म्हणजे आत 525. उद्या विकासकाचा वकील म्हणू शकतो की कार्पेटमध्ये बाल्कनी येतच नाही, तेव्हा टक्के 400 वर लावा. मग आत उरतात 520. पहिल्या आणि तिसऱ्या वाचनातला फरक 65 चौरस फुटांचा, म्हणजे एक छोटी खोली.

यात कोणी लबाडी केलीच असेल असं नाही. 1963 च्या मोफा कायद्यात कार्पेट क्षेत्र बाल्कनी धरून, पण बाल्कनीचा आकडा वेगळा दाखवून सांगायचं होतं. 2016 च्या रेरा कायद्याने बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या घरापुरती असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली. घरातल्या आतल्या भिंती मात्र धरल्या. शब्द तोच, मोजमाप दोन. पुनर्विकासाच्या करारात रेराची व्याख्या आपोआप लागू होईल या भरवशावर राहू नका, ती लिहून घ्या.

उपाय सोपा आहे: दोन गोष्टींना दोन शब्द. ‘विद्यमान क्षेत्र’ म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून मोजलेला आणि परिशिष्टात प्रत्येक घरासमोर लिहिलेला आकडा. आतली जागा आणि बाल्कनी वेगवेगळ्या रकान्यात. ‘नवे कार्पेट क्षेत्र’ म्हणजे रेराच्या व्याख्येप्रमाणे मोजलेली जागा. बाल्कनीला तिचा स्वतंत्र आकडा. टक्के कोणत्या रकान्यावर लावायचे, तेही त्याच कलमात. शिवाय प्रत्येक सभासदाचा अंतिम आकडा चौरस फुटांत लिहिला की टक्क्यावर वाद घालायला फारसं काही उरत नाही.

दुसरा धोक्याचा शब्द म्हणजे ‘ताबा’. पर्यायी घराचं भाडं ‘ताबा देईपर्यंत’ मिळणार असतं. विकासकाच्या मते किल्ल्या घेऊन जा असं पत्र पाठवलं की ताबा दिला. सभासदाच्या मते भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय ताबा नाही. म्हणून लिहावं: ताब्याची तारीख म्हणजे सभासदाच्या घरापुरतं भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर, त्याची प्रत जोडून विकासकाने दिलेली लेखी सूचना पोहोचल्यापासून पंधरावा दिवस. सूचना पोहोचली तो दिवस मोजायचा की नाही, हेही सांगून टाका. अर्धवट प्रमाणपत्र चालणार असेल तर तसं लिहा, नसेल तर तसं.

व्याख्या झाल्या की अर्थ लावण्याचे नियम. बहुतेक मसुद्यांत कायद्यांतून उचललेलं एक वाक्य असतं: ‘संदर्भावरून वेगळा अर्थ निघत नसेल तर’. कायद्याच्या मसुद्यात त्याला जागा आहे. करारात मात्र समोरच्या दाराने घालवलेला दुसरा अर्थ त्याच वाक्याच्या मागल्या दाराने परत येतो. ते खोडायला सांगा. त्याऐवजी हवे असतात साधे नियम: मूळ करार आणि परिशिष्ट यांत विसंगती आली तर कोणाचं खरं, मराठी आणि इंग्रजी प्रतींत फरक पडला तर कोणती प्रमाण, आणि ‘दिवस’ म्हणजे सुट्ट्या धरून की कामाचे.

सहीपूर्वीची तपासणी घरबसल्या होते. मसुद्याची फाईल मागवा आणि व्याख्या केलेला प्रत्येक शब्द संगणकावर शोधा. तो जिथे येतो तिथे त्याच्या जागी व्याख्या ठेवून वाक्य वाचा. अर्थ बिघडला तर एक तर व्याख्या चुकली आहे किंवा कलम. मग उलट शोधा: ‘कार्पेट’ऐवजी कुठे ‘वापरण्यायोग्य जागा’, ‘सदनिकेचे क्षेत्र’ असं काही घुसलंय का? नवा शब्द दिसला की त्याचा काही तरी वेगळा अर्थ असणार, असाच युक्तिवाद उद्या होतो.

भारतीय करार कायद्याचं कलम 29 सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. प्रकरण सहसा तिथवर जात नाही. ते वर्षानुवर्षं लवादापुढे रेंगाळतं आणि तोवर सभासद भाड्याच्या घरात असतो. तेव्हा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय व्याख्यांच्या पानाचा ठेवा, टक्क्याचा दुसरा.