अनामत परत मिळते, मग कागद का नाहीत?

भाड्याचं घर सोडताना अनामत रकमेचा हिशेब होतो. मालक रंगकामाचे पैसे कापतो, थकलेलं वीजबिल वळतं करतो, थोडी वादावादी होते आणि उरलेली रक्कम परत मिळते. मात्र भाडेकरूच्या आधार-पॅनच्या आणि कराराच्या ज्या प्रती मालकाकडे, एजंटाकडे आणि सोसायटीच्या कचेरीत पडून राहतात, त्यांचा हिशेब कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. अनामत हा शब्द मराठीत अरबी ‘अमानत’वरून आला. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने जपायची आणि काम संपलं की परत करायची, असा त्याचा साधा अर्थ. माझं म्हणणं एवढंच आहे की भाडेकरूचे कागद हीसुद्धा अनामतच आहे. ते कुठे ठेवले, कुणाला बघता येतात आणि कधी नष्ट होणार, हे तीन प्रश्न विचारायचा भाडेकरूला हक्क आहे.

हे कागद किती हातांत जातात, ते एका साध्या उदाहरणावर मोजून पाहू. पुण्यातला एक फ्लॅट, 11 महिन्यांचा करार, 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025. घर बघायच्या आधीच एजंट म्हणतो, ‘आधार आणि पॅन व्हॉट्सअपवर टाका.’ तो ते मालकाला पाठवतो. मालक कराराची ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याला पाठवतो. नोंदणी झाली की करार सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जातो आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे. कधी सेक्रेटरी तो कमिटीच्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे आणखी दहाबारा फोन आले. करारात पॅन, कायमचा पत्ता, फोटो आणि अंगठ्याचा ठसा असतो, म्हणजे तो स्वतःच एक ओळखपत्र झाला. एप्रिल 2025 मध्ये भाडेकरू घर सोडून गेला. कागद मात्र त्या सगळ्या फोनांच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंच्या शेजारी राहिले. फोनचा बॅकअप चालू असेल तर ते गूगल फोटोजवरही गेले.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘कायद्यानेच मागितलंय.’ कायदा काय मागतो ते नीट बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पोलिसांचा आदेश लागू असेल तिथे भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. सोसायटीचे उपविधी सभासदाकडून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत मागतात. यात कुठेही एजंटाने आधार जपून ठेवावं असं नाही. कराराची नोंदणी झाली की त्याचं काम संपतं. सोसायटीलाही पोलिसांकडची पोच पुरते. तो करार कमिटीतल्या सगळ्यांनी वाचावा, असं कुणीही सांगितलेलं नाही.

दुसरं उत्तर सुरक्षिततेचं: ‘कोण माणूस आहे हे कळायला नको?’ जरूर कळावं. पण आधारची झेरॉक्स फाइलला लावल्याने काहीच कळत नाही, कारण झेरॉक्सवरचं नाव आणि फोटो कुणालाही बदलता येतो. खरी तपासणी कार्डावरचा क्यूआर कोड अधिकृत अॅपने स्कॅन केल्यावर होते, आणि त्याला दोन मिनिटं लागतात. ती केली की ‘तपासलं, अमुक तारखेला’ एवढी नोंद पुरते. शिवाय आधारची ‘मास्क्ड’ प्रत मिळते, तिच्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड प्रत वापरा, असा सल्ला काढला होता. गैरसमज होईल म्हणून सरकारने तो दोन दिवसांत मागे घेतला. सल्ला मागे गेला, पण मास्क्ड आधारची सोय आजही आहे.

आता मुदतीचं बोलू. वरच्याच उदाहरणात समजा मे 2025 मध्ये अनामत परत झाली आणि कुणाची तक्रार उरली नाही. ओळखपत्राच्या प्रतींचं काम तिथेच संपलं. तीस दिवसांत, म्हणजे जूनअखेर, त्या फोनमधून, बॅकअपमधून आणि फाइलमधून गेल्या पाहिजेत. कराराची गोष्ट वेगळी. थकलेल्या भाड्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून मालकाने करार एप्रिल 2028 पर्यंत ठेवावा आणि मग फाडून टाकावा. दावा किंवा पोलीस तपास चालू असेल तर तो संपेपर्यंत ठेवावा. सोसायटीला भाडेकरूचं नाव आणि राहण्याचा काळ एवढी रजिस्टरमधली नोंद पुरते. चालू भाडेकरूंचे करार एका कुलपाच्या कपाटात, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि कुणी फाइल काढली तर तारीख-सही. याला खर्च एका वहीचा.

सर्वांत जास्त संताप मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. आमच्यातल्या अनेकांना घर मिळेपर्यंत सात-आठ नकार ऐकावे लागतात. मी स्वतः ऐकलेत. कागद आधी मागतात, नाव वाचतात आणि मग ‘मालकांनी विचार बदलला’ असा निरोप येतो. ज्याला घर द्यायचंच नव्हतं, त्याच्या फोनमध्ये माझं आधार मात्र राहतं. ज्याला एका खेपेत घर मिळतं त्याचे कागद एका एजंटाकडे, आणि ज्याला आठ ठिकाणी नाकारतात त्याचे आठांकडे. जो सर्वांत जास्त नाकारला जातो त्याचीच ओळख सर्वांत जास्त उघडी पडते. म्हणून घर बघताना नाव आणि फोन नंबर पुरे. ओळखपत्र व्यवहार ठरल्यावर, करारापुरतं. आणि नकार दिला तर कागद त्याच दिवशी पुसायचे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हेच तत्त्व आहे: हेतू संपला की माहिती पुसा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, 2027 मध्ये लागू होणार आहेत. पण हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. सेक्रेटरीच्या कपाटातली झेरॉक्स स्कॅन झाली नाही तर ती त्याच्या बाहेर राहते. आणि एका फ्लॅटचा मालक ‘हे माझं खासगी काम’ असं म्हणू लागला तर त्याच्यावर कायदा किती चालेल यावर वाद होईल.

म्हणून कायद्याची वाट न बघता करारातच लिहून घ्यावं. नोंदणीपूर्वी मसुदा हातात येतो, तेव्हा अनामतीच्या कलमाखाली एवढं वाढवायला सांगा: ‘भाडेकरूच्या ओळखपत्रांच्या प्रती फक्त या कराराच्या नोंदणीसाठी व पोलिसांना माहिती देण्यासाठी वापरल्या जातील, इतर कुणालाही दिल्या जाणार नाहीत, आणि अनामत परत केल्यापासून 30 दिवसांत नष्ट करून तसं भाडेकरूला लेखी कळवलं जाईल.’ देताना प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. असं लिहिल्याने चोरी थांबेलच असं नाही, पण ती प्रत दुसरीकडे वापरणं अवघड होतं आणि कुणाकडून बाहेर गेली ते कळतं. अधूनमधून sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही पाहावं. ओळखीचं नसलेलं सिम दिसलं तर ते तिथेच कळवता येतं.

आपल्यातही घरमालक आहेत, मोहल्ल्याच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत. नकाराची तक्रार आपण दुसऱ्यांबद्दल करतो, पण कागद फोनमध्ये साठवण्यात आपण वेगळे नाही. अमानत या शब्दावर आपला हक्क सांगायचा असेल, तर आधी आपल्या फोनमधले जुन्या भाडेकरूंचे फोटो काढून टाका.