साठीच्या शुभेच्छा, जरा इटालियन रीतीने

आमचे एक इटालियन स्नेही येत्या रविवारी साठ वर्षांचे होताहेत. पत्र लिहून तयार आहे, पण ते त्यांच्या हाती पडेल रविवारीच. वाढदिवसाआधी शुभेच्छा देणे इटलीत अपशकुनी मानतात. म्हणून तर इथे त्यांचे नाव दिलेले नाही! पत्र असे :

"आदरणीय मित्रवर्य,

आमच्याकडे मराठीत म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी'. कन्नड शेजारी म्हणतात, 'अरवत्तक्के अरळु मरळु'. दोन्ही भाषांचे एकमत विरळाच, पण तुमच्याकडे पाहून दोन्ही म्हणी खोट्या ठरल्या.

तुमच्या भाषेत चाळीसपासून नव्वदपर्यंतचे दशक-आकडे 'आन्ता'वर संपतात. क्वारान्ता, चिंक्वान्ता, आता सेस्सान्ता. चाळिशी आली की माणूस 'आन्ता'त शिरला, अशी तुमच्याकडे थट्टा करतात. तुम्ही तर तिथे वीस वर्षे मुरलात! शंभरीला 'चेंतो' म्हणतात, म्हणजे तिथे 'आन्ता' सुटतो. एवढी चाळीस वर्षे काढाच.

वाढदिवसाला तुम्ही 'कोम्प्लेआन्नो' म्हणता, म्हणजे वर्षाची पूर्ती. आमची षष्ट्यब्दिपूर्तीही तीच. वय वाढले असे न म्हणता वर्ष पुरे झाले म्हणणे, हा दोन्हीकडचा मोठेपणा.

तुमच्याच शब्दांत, 'चेंतो दि क्वेस्ती ज्योर्नी', असे शंभर दिवस येवोत. आम्ही त्यालाच 'शतायुषी व्हा' म्हणतो. इटलीत वाढदिवसाची कॉफी ज्याचा वाढदिवस तोच पाजतो, हेही आमच्या पक्के लक्षात आहे. साष्टांग नमस्कार आमचा, बिल तुमचे!"