विज्ञान प्रदर्शनात नाकारलेले पर्यायही मांडा

तालुका विज्ञान प्रदर्शनात ‘पावसाचे पाणी साठवा’ हे मॉडेल दरवर्षी असतंच. थर्माकोलची शाळा, निळी नळी, खाली टाकी. मुलं पाठ केलेलं घडाघडा बोलतात आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे सरकतात. माझ्या मते या सादरीकरणाची पद्धतच बदलायला हवी. इंजिनिअर लोक काम सुरू करण्याआधी ‘डिझाइन रिव्ह्यू’ घेतात, म्हणजे आराखडा चारचौघांसमोर ठेवून तपासून घेतात. त्यात चार गोष्टी सांगाव्या लागतात : गरज काय, कोणते पर्याय पाहिले, कोणता निवडला आणि कोणते धोके अजून सुटलेले नाहीत. आपल्या मुलांच्या तक्त्यांवर यातली फक्त तिसरी गोष्ट असते.

आपल्या वाशीतलंच (नवी मुंबईची नव्हे, धाराशिवची!) उदाहरण घेऊ. समजा शाळेत १५० मुलं आहेत आणि पत्र्याचं छत २० मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे. ‘पाणीटंचाई दूर करणे’ ही काही गरज झाली नाही, ती मोजता येत नाही. ‘फेब्रुवारी ते एप्रिल, शाळेचे ७० दिवस, प्रत्येक मुलाला पिण्यासाठी रोज २ लिटर’ अशी लिहिली की मोजता येते. रोजचे ३०० लिटर, म्हणजे एकूण २१,००० लिटर झाले.

छतावर किती पडेल? क्षेत्रफळ १२० चौरस मीटर. पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर ७२,००० लिटर. उडून, सांडून, वाळून पाचवा हिस्सा गेला तरी साडेसत्तावन्न हजार उरतात. पाऊस निम्माच झाला तरी २८,८०० लिटर हाती येतात. म्हणजे दुष्काळी वर्षातही टाकी भरू शकते. अडचण पाऊस पडण्यात नाही, तो जपून ठेवण्यात आहे.

आता पर्याय. बोअरचं पुनर्भरण स्वस्त पडतं, पण आपल्या काळ्या खडकात मुरलेलं पाणी त्याच बोअरला परत लागेल याची खात्री कोण देणार? जमिनीखालची विटांची टाकी पाणी थंड ठेवते. मात्र काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाकीच्या भिंतीही तडकवते. प्लॅस्टिकच्या टाक्या लवकर बसतात, पण उन्हात तापतात. म्हणून जमिनीवरच्या, जाळी आणि सिमेंटच्या थराने बनवलेल्या, म्हणजे फेरोसिमेंटच्या, १०,००० लिटरच्या दोन टाक्या निवडू. एका टाकीतल्या पाण्याचंच वजन १० टन होतं, त्यामुळे पाया काळी माती काढून मुरुमावर घ्यायचा. आणि हो, २१,००० ला १,००० लिटर कमी पडतात, म्हणजे तीन दिवस. ते लपवायचं नाही, तक्त्यावर लिहायचं.

रिव्ह्यूमध्ये पकडायची खरी चूक मात्र वेगळीच असते. पहिल्या पावसाबरोबर छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून येते, ती टाकीत जाऊ नये म्हणून पाइपचा एक उभा तुकडा जोडतात. बहुतेक मॉडेलमध्ये तो मीटरभराचा असतो. छतावरचा पहिला एक मिलिमीटर पाऊस बाजूला काढायचा म्हटलं तर १२० लिटर होतात आणि चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये मावतात जेमतेम नऊ लिटर! तिथे २०० लिटरचा बॅरलच लागतो. हा प्रश्न विचारायला परीक्षकाला फक्त गुणाकार यावा लागतो.

उघडे धोके लिहायला मुलं कचरतात, कारण गुण जातील अशी भीती. पण गृहीतक लिहून ठेवलं नाही तर ते तपासणार कोण? कोयना धरणाच्या रचनेत भूकंपाचा आडवा भार वजनाच्या ०.०५ पट धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे धक्के त्याहून कितीतरी जोरदार निघाले आणि धरणाचा मागचा उतार जिथे बदलतो त्या उंचीजवळ भेगा पडल्या. धरण टिकलं, नंतर ते मजबूतही केलं. ०.०५ हा आकडा लिहिलेला होता म्हणून नेमकं काय कमी धरलं गेलं ते सांगता आलं.

आपल्या टाकीचे दोन धोके कागदावर अजून उघडेच आहेत. पाऊस संपल्यावर नोव्हेंबरपासूनच नळ सोडला तर रोज ३०० लिटरने ६६ दिवसांत टाकी रिकामी होते, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी खडखडाट. जानेवारीअखेरपर्यंत टाकीला कुलूप हवं, आणि किल्ली कोणाकडे हे ठरायला हवं. उघडण्याआधी एच-टू-एसच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर पिण्याजोगं नाही.

दुसरा धोका मला जास्त अवघड वाटतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि पहिला पाऊस बऱ्याचदा त्याआधीच पडून जातो. त्या दिवशी पन्हाळी साफ केलेली असेल का, आणि बॅरलचा कॉक कोण सोडणार? सुट्टीत शाळेजवळ राहणारं माणूस ठरलेलं नसेल, तर तक्त्यावर त्या रकान्यात ‘ठरलेले नाही’ असंच लिहावं, आणि परीक्षकांनी त्याचे गुण द्यावेत.