परीक्षेच्या तारखेकडून उलट मोजणी

बारावी वाणिज्य शाखेची परीक्षा २०२४ साली २१ फेब्रुवारीला सुरू झाली. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. आदल्या वर्षीची तारीख मनाशी धरून अभ्यासाची आखणी करणाऱ्या मुलांचे दहा दिवस असे हातचे गेले. म्हणून आखणीची सुरुवात मंडळाने जाहीर केलेल्या वेळापत्रकातील तारखेपासूनच करावी आणि तिथून मागे मागे यावे. व्यापारी घरांत ही रीत नवी नाही. हुंडी कोणत्या दिवशी भागवायची हे ठाऊक असले, की त्या दिवसापासून मागे येत कोणती उधारी केव्हा वसूल झाली पाहिजे हे ठरवले जाते. फरक एवढाच, की मुदतीच्या हुंडीला तीन दिवसांची सवलत मिळते, परीक्षेला एका दिवसाचीही नाही.

महाड-पोलादपूरकडे डिसेंबरात निम्माच अभ्यासक्रम हाती लागलेला असणे नवलाचे नाही. जुलैत सावित्री आणि गांधारीला पाणी चढले, की बाजारपेठेतील घरे माल वर चढवण्यात गुंततात. पुढे दिवाळीत मुले दुकानावर उभी राहतात. पोलादपूरहून महाडला शिकायला येणाऱ्यांचा वेळ एसटीतही जातो. उरलेल्या दिवसांत अभ्यास कसा बसवावा, हे पुस्तपालन व लेखाकर्म या विषयाच्या उदाहरणाने पाहता येईल. २०२० साली लागू झालेल्या पाठ्यपुस्तकात या विषयाची दहा प्रकरणे आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची असून २० गुण प्रकल्पाचे आहेत.

महाडच्या एका दुकानदाराच्या मुलीने ८ डिसेंबरला आखणीला घेतली आणि तिचा या विषयाचा पेपर २५ फेब्रुवारीला आहे, असे धरावे. दिनदर्शिकेवर मोजले तर मध्ये ७९ दिवस दिसतात. दहा प्रकरणे आणि ७९ दिवस, म्हणजे प्रकरणामागे जवळजवळ आठ दिवस, असा भागाकार करून मन निश्चिंत होते. हा भागाकारच फसवा आहे. परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, तर तेव्हापासूनचे १४ दिवस इतर पेपरांचे आहेत. त्याआधीचे दहा दिवस, १ ते १० फेब्रुवारी, पूर्ण प्रश्नपत्रिका तीन तास घड्याळ लावून सोडवण्यासाठी हवेत. महाविद्यालयाची पूर्वपरीक्षा १२ ते २२ जानेवारी असली, तर त्या ११ दिवसांत नवे काही शिकता येत नाही. तिच्यानंतरचे नऊ दिवस उत्तरपत्रिकेतील चुका दुरुस्त करण्यात आणि प्रकल्प पुरा करण्यात जातात. अशा रीतीने मागे येत गेल्यावर नवे शिकण्याची शेवटची तारीख ११ जानेवारी ठरते. ७९ दिवसांपैकी त्यासाठी उरतात फक्त ३५. त्यातला आठवड्याचा एक दिवस मोकळा ठेवावा, कारण घरचे लग्नकार्य, ताप किंवा दुकानातील मालाची मोजदाद सांगून येत नाही. मग उरले ३० दिवस. इतर विषय सांभाळून रोज दोन तास मिळाले, तर भांडवल साठ तासांचे आहे.

आता अभ्यासक्रमाची मोजदाद. पाच प्रकरणे सुरू झाली आहेत, असे ती सांगते. पण सुरू झालेले प्रकरण म्हणजे तयार माल नव्हे. वही-पुस्तक मिटून प्रत्येक प्रकरणातील एक पूर्ण उदाहरण सोडवून पाहिल्याखेरीज त्याची किंमत कळत नाही. या कसोटीला भागीदारीची अंतिम खाती आणि भागीदाराचा प्रवेश ही दोनच प्रकरणे उतरली. भागीदाराच्या निवृत्तीत लाभ प्रमाण काढताना ती अडली. नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या खात्यांत भांडवली आणि महसुली रकमांची गल्लत झाली. हुंडीच्या प्रकरणात हुंडीचा अनादर झाल्यावरच्या नोंदी चुकल्या. म्हणजे दोन प्रकरणे तयार, तीन अर्धवट, आणि भागीदाराचा मृत्यू, संस्थेचे विसर्जन, भागांची विक्री, आर्थिक पत्रकांचे विश्लेषण व लेखांकनातील संगणक ही पाच कोरी.

तीस दिवसांची वाटणी मग अशी बसते. निवृत्तीला दोन दिवस आणि लगेच मृत्यूच्या प्रकरणाला दोन. ही दोन जोडूनच घ्यावीत, कारण ख्याती आणि लाभ प्रमाण यांची कृती दोन्हींत एकच आहे. नवी भर पडते ती मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या नफ्यातील वाट्याची. त्यानंतर विसर्जनाला पाच दिवस आणि भागांच्या विक्रीला सहा. इथे पंधरा दिवस होतात. पुढे नफा न कमावणाऱ्या संस्थांना चार, हुंडीला तीन, विश्लेषणाला तीन आणि संगणकाच्या प्रकरणाला एक दिवस, कारण त्यात सोडवायची मोठी उदाहरणे नाहीत. हे सव्वीस दिवस झाले. शेवटचे चार दिवस तयार असलेली दोन प्रकरणे पुन्हा सोडवण्यासाठी ठेवावेत, कारण महिनाभर हात न लावलेले अंतिम खात्यांचे उदाहरण समायोजनांवर अडते.

या क्रमात दोन मोठी कोरी प्रकरणे पहिल्या पंधरवड्यात आली आहेत, ती मुद्दाम. कोऱ्या प्रकरणाला किती वेळ लागेल याचा अंदाजच सर्वांत कच्चा असतो, आणि तो चुकला तर पुढे सावरायला जागा हवी. सोपे आधी उरकून अवघड जानेवारीवर ढकलले, तर अंदाज चुकल्याचे कळते तेव्हा हाती दिवस उरलेले नसतात.

आखणी घसरते आहे हे ओळखण्याची खूण पानांची नाही, उदाहरणांची आहे. दर रविवारी त्या आठवड्यातील प्रकरणाचे एक न पाहिलेले उदाहरण पुस्तक मिटून सोडवावे. विसर्जनात मालमत्ता वसुली खात्याऐवजी पुनर्मूल्यांकनाच्या पद्धतीने लिहिली गेली, तर पाच दिवस खर्ची पडूनही प्रकरण पदरी पडलेले नाही. अशा वेळी आठवड्याचा मोकळा दिवस वापरावा. तोही संपला असेल तर काटछाट करावी, पण प्रकरण वगळून नव्हे, त्याची खोली कमी करून. भागांच्या विक्रीत प्रमाणशीर वाटपाची उदाहरणे सोडता येतात. अर्ज, वाटप, हप्ते, थकबाकी आणि भागजप्ती यांच्या सरळ नोंदी मात्र याव्यातच. अख्खे प्रकरण सोडले तर वस्तुनिष्ठ प्रश्नांतही खड्डा पडतो, कारण ते सर्वच प्रकरणांवर विखुरलेले असतात. पोलादपूरच्या मुलांनी एसटीतील वेळ याच प्रश्नांना द्यावा. खाती मांडायला टेबल लागते. व्याख्या आणि एका वाक्यातील उत्तरे हलत्या गाडीतही पाठ होतात.

एका गोष्टीला मात्र हात लावू नये. १ ते १० फेब्रुवारी हे दिवस नव्या प्रकरणाला उसने देऊ नयेत. सुटी उदाहरणे येणारी मुलगीही पूर्ण प्रश्नपत्रिकेत वेळेने मार खाते. पहिल्याच मोठ्या उदाहरणातील ताळेबंद जुळेना म्हणून तिथे पाऊण तास घालवला, की शेवटचा प्रश्न कोरा राहतो. ती सवय प्रश्नपत्रिका सोडवूनच मोडते.

या रीतीलाही मर्यादा आहे. हीच मोजणी जानेवारीच्या अखेरीस सुरू केली आणि हाती पंधराच दिवस उरले, तर पाच कोरी प्रकरणे त्यांत मावत नाहीत. तेव्हा तीन अर्धवट प्रकरणे आधी पुरी करावीत, निवृत्तीला जोडून मृत्यूचे प्रकरण घ्यावे आणि बाकी कोऱ्या प्रकरणांतून वस्तुनिष्ठ प्रश्नांपुरतेच घ्यावे. वसुलीत जे गिऱ्हाईक निम्मी रक्कम देऊन बसले आहे, त्याच्याकडे आधी जायचे असते, इथेही तसेच.